गणवेश तोच, फक्त पँट हवी: शाळेकडे अर्ज कसा करायचा

नागपुरातल्या अनेक शाळांत मुलींचा गणवेश आठवीला बदलतो. सातवीपर्यंत स्कर्ट-ब्लाऊज किंवा पिनाफ्रॉक, आणि आठवीपासून सलवार-कमीज, वर ओढणी किंवा जॅकेट. मुलांच्या बाबतीत हाफ पँटची फुल पँट होते, बाकी सगळं तसंच राहतं. बहुतेक मुली हा बदल सहज स्वीकारतात, काहींना तो आवडतोही. पण एखादीला ती ओढणी अंगावर घेणंच नको असतं. दोन्ही खांद्यांवर पिना लावून, समोर घडी पाडून ती सकाळी सातपासून दुपारपर्यंत सांभाळायची, सायकलच्या चाकात जाऊ नये म्हणून कमरेला गाठ मारायची, आणि तरीही तास सुरू असताना कुणीतरी 'ओढणी नीट घे' म्हणणार. काही मुलींची तक्रार एवढ्यावरच संपते. काहींची त्याहून खोल असते: या कपड्यांत आपण दुसऱ्याच कुणासारखे दिसतो, असं त्यांना वाटतं, आणि ते कुणाला समजावून सांगायला त्यांच्याकडे शब्द नसतात.

अशा मुलीच्या किंवा मुलाच्या घरच्यांनी शाळेकडे नेमकं काय मागावं, कोणाकडे मागावं, आणि नकार आला तर काय करावं, एवढंच या लेखात आहे. समजायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण धरू. सातवी पास झालेली मुलगी, अनुदानित मराठी शाळा, आठवीपासून सलवार-कमीज-ओढणी सक्तीची. तिला मुलांसारखी पँट आणि शर्ट हवाय, आणि दोन वेण्या व रिबिनींतून सुटका. आपण कोण आहोत याविषयी तिला शाळेत काहीही जाहीर करायचं नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण अर्जाचा सगळा बाज तिच्यावरून ठरतो.

मुलींनी सलवार घालावी किंवा मुलांनी पँट, असं सांगणारा कुठलाही कायदा नाही. गणवेश हा शाळेचा नियम असतो, त्यामुळे तो कोणी केला हे आधी पाहावं लागतं. जिल्हा परिषद आणि महानगरपालिकेच्या शाळांत पहिली ते आठवीला समग्र शिक्षा योजनेतून मोफत गणवेश मिळतात, दोन जोडांसाठी प्रत्येक विद्यार्थ्यामागे 600 रुपये. 2024-25 मध्ये राज्याने सगळीकडे एकसारखा गणवेश देण्याचा प्रयत्न केला होता, पण डिसेंबर 2024 मध्ये निर्णय बदलून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे दिलं. या समितीत 75 टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. म्हणजे सरकारी शाळेत ही मागणी पालकांच्याच बैठकीत जाते. अनुदानित शाळेत ही समिती सल्ला देऊ शकते, पण शेवटची सही मुख्याध्यापकांची आणि त्यांच्यामागे संस्थेची असते. विनाअनुदानित शाळेत सगळंच व्यवस्थापनाच्या हातात.

आपल्या उदाहरणातली शाळा अनुदानित आहे, म्हणून अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे करायचा आणि प्रत संस्थेच्या सचिवांना द्यायची. त्याआधी एक काम करा. गणवेशाचा लेखी नियम मागून घ्या. अनेक ठिकाणी डायरीच्या मागच्या पानावर 'मुलींनी शाळेच्या गणवेशात यावे, केस नीट बांधावेत' एवढी एक ओळच सापडते आणि बाकी सगळी वहिवाट असते. डायरीत सलवार हा शब्दच नसेल, तर तुम्हाला नियमातून सूट मागायची गरजच राहत नाही, खुलासा मागायचा असतो. मुख्याध्यापकांनाही खुलासा देणं सोपं जातं, कारण त्यांना कुठलाही ठराव बदलावा लागत नाही.

आता मागणी कशी बांधायची ते पाहू, कारण बहुतेक अर्ज इथेच फसतात. गणवेशाच्या नियमात दोन गोष्टी एकत्र विणलेल्या असतात. एक, सगळ्यांनी एकाच रंगाचे, एकाच प्रकारचे कपडे घालावेत. दुसरी, मुलांनी यादीतला हा भाग घालावा आणि मुलींनी तो. पहिल्या गोष्टीला हात लावला की आपली बाजू कमकुवत होते. न्यायालयांनी शाळा-महाविद्यालयांचा गणवेश ठरवण्याचा अधिकार बऱ्याचदा मान्य केला आहे. चेंबूरच्या एका महाविद्यालयाच्या ड्रेस कोडविरुद्ध विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या, तेव्हा जून 2024 मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली. पुढे ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या परिपत्रकातल्या हिजाब, टोपी, बॅज यांच्यावरच्या बंदीला अंतरिम स्थगिती दिली, आणि चेहरा झाकण्याच्या मुद्द्यावर मात्र दिली नाही. ते प्रकरण धार्मिक पेहरावाचं होतं, आपलं तसं नाही, पण गणवेश या कल्पनेला आव्हान दिलं की लढाई लांबते, हे त्यातून दिसतं.

दुसऱ्या गोष्टीचं मात्र तसं नाही. पँट आणि शर्ट शाळेच्याच यादीत आहे, शाळेच्याच रंगाचा आहे, वर्गातले निम्मे विद्यार्थी रोज तो घालतात. तुम्ही एवढंच म्हणताय की यादीतला हा मंजूर जोड या विद्यार्थिनीलाही घालू द्या. बॅज तोच, पट्टा तोच, बूट तेच. शिस्त बिघडते असं म्हणायला मग फारशी जागा राहत नाही. केरळमध्ये कोझिकोडजवळच्या बालुश्शेरीच्या सरकारी शाळेने 2021 च्या डिसेंबरात अकरावीच्या मुलामुलींना एकसारखा पँट-शर्ट लागू केला. तिथे विरोधही झाला, पण शाळेने गणवेश सोडला असं कुणी म्हटलं नाही, कारण गणवेश होताच.

या अशा मागणीला कायद्याच्या भाषेत वाजवी सोय म्हणतात. आपल्याकडे ही कल्पना नेमक्या शब्दांत आली ती 2016 च्या दिव्यांग व्यक्तींच्या कायद्यात. एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने हक्क बजावता यावेत म्हणून केलेला आवश्यक आणि योग्य तो बदल, जो करताना समोरच्यावर प्रमाणाबाहेर बोजा पडत नाही, असा त्याचा आशय. पुढे ऑक्टोबर 2025 मध्ये, एका ट्रान्सजेंडर शिक्षिकेला शाळांनी नोकरीतून दूर केल्याच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या संदर्भातही अशा सोयींची जबाबदारी चर्चेला घेतली. पण सरळ सांगायचं तर 'मुलीला पँट मागण्याचा हक्क आहे' असं कलम दाखवता येणार नाही. संविधानाचं 14 वं आणि 15 वं कलम लिंगावरून भेदभाव करू नये असं सांगतं, सरकारी शाळेला ते थेट बांधतं, खासगी संस्थेच्या बाबतीत वाट जरा वळणाची होते. म्हणून अर्जात कायद्याचा धाक घालू नये. बदल किती लहान आहे आणि त्याने मुलीचं शिकणं किती सोपं होतं, यावर भर द्यावा. वाजवी या शब्दाची परीक्षा तिथेच होते.

अर्ज लिहिण्याआधी मुलीबरोबर बसून शाळेचं वर्ष डोळ्यांसमोर आणा. रोजचा गणवेश एवढाच प्रश्न नसतो. शनिवारचा पीटीचा पांढरा गणवेश वेगळा असतो. 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारीला मुलामुलींच्या रांगा वेगळ्या लागतात आणि संचलनाचा पोशाख ठरलेला असतो. स्नेहसंमेलनात मुलींना साडी नेसायला सांगतात. ओळखपत्राचा फोटो जून-जुलैत काढला जातो, आणि दहावीला बोर्डाच्या फॉर्मवरचाही. केसांचा नियम गणवेशात लिहिलेला नसतो, पण सगळ्यात जास्त बोलणी त्यावरूनच बसतात. यातलं मुलीला नेमकं काय नको आहे आणि काय चालतं, हे तिच्याकडून ऐका. अनेकदा उत्तर अपेक्षेपेक्षा लहान निघतं. आपल्या उदाहरणातल्या मुलीला रोजचा गणवेश, पीटीचा गणवेश आणि केस एवढंच हवंय, संमेलनात ती भागच घेणार नाही म्हणते. मग अर्जात तेवढंच लिहायचं. आणि घरच्यांनी शाळेत तिच्याबद्दल काय सांगायचं, काय नाही, हेही त्याच बैठकीत तिला विचारून ठरवा. तिने फक्त आईला सांगितलेली गोष्ट शिक्षकांच्या खोलीत पोचली, तर गणवेश मिळूनही तिचं नुकसान होईल.

अर्ज साधारण असा करता येईल:

प्रति,
मा. मुख्याध्यापक

विषय: मंजूर गणवेशातील पँट-शर्ट वापरण्यास परवानगी मिळणेबाबत

महोदय,
माझी पाल्य येत्या सत्रात इयत्ता आठवीत प्रवेश करीत आहे. आठवीपासून मुलींसाठी सलवार-कमीज व ओढणी असा गणवेश आहे. हा पोशाख तिला सोयीचा वाटत नाही व त्यामुळे वर्गात आणि खेळात तिचे लक्ष लागत नाही. शाळेच्याच मंजूर गणवेशातील पँट व शर्ट, शाळेचा बॅज, पट्टा व बूट यांसह, रोजच्या वापरासाठी तसेच पीटीच्या दिवशी घालण्याची तिला परवानगी द्यावी. केस कानापर्यंत कापलेले व नीटनेटके ठेवण्यासही परवानगी असावी. यामुळे शाळेवर कोणताही खर्च येणार नाही.
परवानगी लेखी मिळाल्यास वर्गशिक्षक व क्रीडाशिक्षकांना दाखवता येईल. आवश्यक वाटल्यास आम्ही भेटीस येऊ. सत्र सुरू होण्यापूर्वी निर्णय कळवावा, ही विनंती.

खाली पालकाची सही, तारीख, फोन नंबर. मुलीला सही करायची असेल तर तिचीही. या अर्जात मुलगी कशी आहे, कोण आहे, याबद्दल एक शब्द नाही. आई-बाबा काळजीपोटी अर्जात मानसिक त्रास, डॉक्टर, समुपदेशन वगैरे घालतात. ते टाळा. एकदा ते लिहिलं की शाळा प्रमाणपत्र मागते, आणि कपड्यांची साधी मागणी तपासणीचा विषय होऊन बसते. मुलीला खरोखर त्रास होत असेल तर समुपदेशकाची भेट जरूर घ्या, फक्त ती या अर्जाला जोडू नका.

अर्ज दोन प्रतींत न्या. कार्यालयात आवक नोंदवहीत नोंद करून घ्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. बाबू म्हणतील, 'ठेवून जा, सर आले की दाखवतो.' तेव्हा नम्रपणे तिथेच थांबून पोच घ्या. पोच नसेल तर दोन महिन्यांनी अर्ज कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही. वेळही बघा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे इतर महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास उघडतात. निकाल लागला की लगेच, एप्रिलच्या शेवटी किंवा मेच्या सुरुवातीला अर्ज गेला, तर निर्णयाला वेळ मिळतो. जूनच्या मध्यात इतवारीत किंवा महालात गणवेशाच्या दुकानांवर गर्दी उसळते. सलवारचा जोड शिवून झाला की घरचेच म्हणायला लागतात की आता पैसे गेले, यंदा घालून घे.

भेटीला बोलावलं तर तीन प्रश्न जवळजवळ ठरलेले असतात. पहिला, 'आज हिला पँट दिली, उद्या सगळ्याच मागतील.' यावर वाद घालण्यापेक्षा एवढंच म्हणा: मागितली तर तीही शाळेचाच गणवेश घालतील सर, बाहेरचं काही नाही. दुसरा, 'बाकीचे पालक काय म्हणतील?' इथे हे आठवून द्या की कितीतरी शाळांत पीटीला मुलामुलींचा ट्रॅकपँट एकच असतो आणि त्यावर कुणी तक्रार करत नाही. तिसरा प्रश्न अवघड असतो, कारण तो मुलीकडे बघून विचारला जातो: 'तुला मुलगा व्हायचंय का?' याचं उत्तर मुलीने देण्याची काहीच गरज नाही. पालकांनी मध्ये पडून सांगावं, 'सर, मागणी कपड्यांपुरती आहे, तेवढंच बोलू या.' हे वाक्य घरून ठरवून जा. ऐनवेळी सुचत नाही, आणि मुलगी एकटी पडते.

मधली तडजोडही तयार ठेवा. काही मुख्याध्यापक पँट म्हटलं की अडतात, पण ओढणीऐवजी जॅकेट, किंवा कमीज छोटी आणि खाली सरळ पँट याला तयार होतात. हे मुलीला चालणार असेल तर घ्या आणि लेखी घ्या. चालणार नसेल तर तिथल्या तिथे हो म्हणू नका, घरी विचारून सांगतो म्हणा.

सगळ्यात जास्त नुकसान तोंडी होकाराने होतं. मुख्याध्यापक भले असतात, 'येऊ द्या हो तिला पँटमध्ये, मी सांगतो सगळ्यांना' म्हणतात. मग कुणी बदलीवर येतं, किंवा क्रीडाशिक्षकांना माहीत नसतं, आणि प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर मुलीला बाजूला काढलं जातं. म्हणून तोंडी होकार मिळाला की त्याच संध्याकाळी दोन ओळींचं पत्र द्या: आजच्या भेटीत आपण अमुक परवानगी दिलीत, त्याबद्दल आभार, त्यानुसार ती अमुक तारखेपासून पँट-शर्टमध्ये येईल. त्याचीही पोच घ्या. शाळेने स्वतः काही लिहून दिलं नाही तरी हे पत्र उपयोगी पडतं.

नकार आला, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर कशाची तक्रार करायची हे नीट ओळखा. 'पँटला परवानगी दिली नाही' हे एकटं कारण घेऊन गेलात, तर शिक्षण विभाग बहुतेकदा शाळेचा अंतर्गत प्रश्न म्हणून कागद परत करेल. पण गणवेशावरून मुलीला वर्गाबाहेर उभं केलं, परीक्षेला बसू दिलं नाही, केसांवरून सगळ्यांसमोर टोमणे मारले, दाखला काढून न्या म्हटलं, तर गोष्ट बदलते. शिक्षण हक्क कायदा 2009 च्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि 16 व्या कलमाने आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. म्हणून घरी एका वहीत नोंद ठेवा: तारीख, तास कोणता, कोण काय बोललं, किती वेळ बाहेर उभं केलं, समोर कोण होतं. मुलीला रोज खोदून विचारू नका, पण ती सांगेल ते त्याच दिवशी लिहा.

ही तक्रार शिक्षण हक्क कायद्याच्याच 32 व्या कलमाखाली लेखी करता येते आणि ती सुनावणी देऊन तीन महिन्यांत निकाली काढायची असते. शाळा महापालिकेची असेल तर पालिकेच्या शिक्षण विभागाकडे, खासगी अनुदानित असेल तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा आणि एक प्रत विभागीय शिक्षण उपसंचालकांना पाठवा. तिथेही समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं. वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, आणि नागपूरचं हे कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे. फोनवर विचारायचं असेल तर 15100. मुलीला मारहाण झाली किंवा ती फारच घाबरली असेल तर 1098.

या सगळ्यात एक मोठी मर्यादा आहे. शिक्षण हक्काचा हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी, पहिली ते आठवीपर्यंतचा आहे. नववीला ही ढाल राहत नाही. म्हणून आपल्या उदाहरणातल्या मुलीने आठवीच्या तोंडाशीच अर्ज करणं शहाणपणाचं, म्हणजे वर्षभर कुठलीही अडचण न येता ती पँटमध्ये वावरलेली असते आणि नववीला शाळेला नवं कारण शोधावं लागतं.

आतापर्यंत मुलीने पँट मागण्याबद्दल बोललो, कारण ते तुलनेने सोपं आहे. मुलगा म्हणून नोंद असलेल्या विद्यार्थ्याने सलवार-कमीज मागितली, किंवा केस वाढवू द्या म्हटलं, तर तीच शाळा, तेच मुख्याध्यापक, पण प्रतिक्रिया फार वेगळी येते, आणि वर्गातली चेष्टाही जास्त बोचरी असते. हे अन्यायाचं आहे, पण अर्ज करताना धरून चालावं लागतं. अशा वेळी नुसत्या सोयीच्या भाषेवर भागत नाही. विद्यार्थी स्वतःला ट्रान्सजेंडर म्हणत असेल आणि तसं सांगण्याची त्याची किंवा तिची तयारी असेल, तर पाया बदलतो. 2014 च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयाने कपड्यांतून, वागण्यातून लिंगभाव व्यक्त करणं हा अभिव्यक्ती स्वातंत्र्याचाच भाग मानला. 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्याने शाळांत अन्यायकारक वागणुकीला मनाई केली, सरकारमान्य शाळांनी भेदभाव न करता शिक्षण, खेळ आणि करमणुकीची संधी द्यावी असं सांगितलं, आणि प्रत्येक संस्थेत तक्रार अधिकारी नेमायला लावला. तो कोण, हे शाळेला लेखी विचारा. बऱ्याच शाळांत उत्तर 'नेमलेला नाही' असंच येईल, आणि ते उत्तरच पुढे वकिलाच्या कामाचं असतं. ओळखीच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याचा विचार असेल, तर आधी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडून कायद्याचा आजचा मजकूर पाहून घ्या, आणि अठरा वर्षांखालच्या मुलासाठी तो अर्ज पालकांनाच करावा लागतो हे लक्षात ठेवा. नागपुरात सारथी ट्रस्ट ही संस्था या समुदायासोबत काम करते. घरच्यांना आधी कुणाशी तरी बोलायचं असेल तर तिथून सुरुवात करता येईल.

आणि घरचेच तयार नसतील तर? मग विद्यार्थ्याने घाईने अर्ज देऊ नये, कारण शाळा पहिला फोन घरीच करते. विश्वासाच्या एका शिक्षकांना किंवा शाळेच्या समुपदेशकांना आधी विचारावं: मी सांगितलेलं तुम्ही घरी सांगाल का? 'हो' किंवा 'बघू' असं उत्तर आलं तर ओळखीबद्दल काही बोलू नये, फक्त ओढणीपुरतं, केसांपुरतं, पीटीच्या पँटपुरतं मागावं. ट्रॅकपँट रोज घालू देण्यासारखी छोटी परवानगी वर्गशिक्षक स्वतःच्या पातळीवरही देऊ शकतात आणि तिची घरी चर्चा होत नाही.

परवानगीचं पत्र हातात आलं की त्याच्या तीन-चार झेरॉक्स काढा. एक वर्गशिक्षकांना, एक क्रीडाशिक्षकांना, एक मुलीच्या डायरीत, मूळ प्रत घरी. नववीला वर्गशिक्षक बदलले की शाळा उघडल्याच्या पहिल्या दिवशी नवी झेरॉक्स द्या, आणि दहावीला बोर्डाचा फॉर्म भरताना फोटो कुठल्या गणवेशात काढायचा हे त्या पत्रासोबत लिपिकांना आधीच सांगून ठेवा.